क्रोमियमने साखर किती उतरते?

डायबेटिसमुळे पायांना मुंग्या येतात म्हणून डॉक्टर जी गोळी लिहून देतात, तिच्या पाकिटामागची बारीक अक्षरं कधीतरी चष्मा लावून वाचावीत. मिथाइलकोबालामिन, अल्फा लायपोइक अ‍ॅसिड, फॉलिक अ‍ॅसिड अशी नावं ओळीने येतात आणि त्यांत बऱ्याचदा ‘क्रोमियम पिकोलिनेट’ हेही एक नाव असतं. मात्रा बहुधा २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका मिलिग्रॅमचा पाचवा भाग. केमिस्टला विचारलं तर तो म्हणतो, “शुगरला चांगलं असतं.” त्याचं म्हणणं अगदीच निराधार नाही. ते आलं कुठून आणि रुग्णांवर तपासल्यावर त्याचं काय झालं, हे मात्र त्या पाकिटावर मावणारं नाही.

आधी एक घोटाळा दूर करू. चामडं कमावणाऱ्या कारखान्यांच्या परिसरात किंवा तमिळनाडूतल्या राणीपेटच्या भूजलात ज्याने हाहाकार केला ते क्रोमियम सहा-संयुजी, कर्करोगकारक. गोळीत असतं ते तीन-संयुजी, पोटातून घेतल्यावर बरंच निरुपद्रवी. मूलद्रव्य एकच, वागणूक मात्र अगदी निराळी. पुढे ‘क्रोमियम’ म्हणू ते हे दुसरं.

या साऱ्या कथेत सगळ्यात वजनदार पुरावा एका बाईचा आहे. आतडं काम करत नसल्यामुळे तिला कित्येक वर्षं शिरेतूनच अन्न दिलं जात होतं. टोरांटोचे डॉ. जीजीभॉय (आडनाव मुंबईकरांच्या चांगलंच ओळखीचं) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली तिची हकीकत प्रसिद्ध केली. काही वर्षं ठीक गेल्यावर तिचं वजन उतरू लागलं, हातापायांच्या नसा बिघडल्या, रक्तातली साखर चढली. रोज ४५ युनिट इन्सुलिन देऊनही साखर ताब्यात येईना. शिरेतून जाणाऱ्या त्या द्रवात प्रथिनं, साखर, जीवनसत्त्वं सारं मोजून घातलेलं होतं. क्रोमियम मात्र नव्हतं. मग दोन आठवडे रोज २५० मायक्रोग्रॅम क्रोमियम त्या द्रवात मिसळलं. साखर खाली आली, इन्सुलिन बंद करता आलं आणि नसांचा त्रासही ओसरला.

अशी उदाहरणं वैद्यकात फार थोडी असतात: एक वस्तू काढली की आजार येतो, घातली की जातो. पुढे अशाच आणखी काही रुग्णांची नोंद झाली आणि शिरेतून देण्याच्या पोषणात क्रोमियम घालण्याचा रिवाज पडला. या बाईला क्रोमियम मिळालं ते शिरेतून, सरळ रक्तात, आणि तिचं शरीर त्यासाठी अक्षरशः उपाशी होतं. या दोन्ही गोष्टी पुढे कामाला येणार आहेत.

टोरांटोच्या आधी वीस वर्षं अमेरिकेत उंदरांवर काम झालं होतं. क्लाउस श्वार्ट्झ आणि वॉल्टर मेर्ट्झ यांना १९५७ मध्ये दिसलं की टोरुला नावाच्या यीस्टवर वाढवलेल्या उंदरांना पाजलेली साखर नीट पचवता येत नाही. दारू गाळण्याच्या यीस्टचा अर्क दिला की येते. त्या अर्कातला कामाचा घटक क्रोमियम, असं त्यांनी १९५९ मध्ये मांडलं. कल्पना रुजली, पाठ्यपुस्तकांत गेली. मात्र त्या आहारात मुळात किती क्रोमियम होतं हे नीट मोजलेलं नव्हतं आणि उंदीर ठेवले होते धातूच्या पिंजऱ्यांत. स्टेनलेस स्टीलमध्ये दहावा हिस्सा आणि त्याहून जास्त क्रोमियमच असतं आणि उंदीर गज कुरतडल्याशिवाय राहत नाही. अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठातले जॉन व्हिन्सेंट आणि त्यांच्या गटाने २०११ मध्ये हाच प्रयोग सोवळ्यात केला: धातूचा स्पर्श नसलेले पिंजरे, क्रोमियम जवळपास नसलेला आहार, सहा महिने. उंदरांना काहीही झालं नाही. आहारात मुद्दाम भरपूर क्रोमियम घातलेल्या उंदरांना मात्र तीच साखर जिरवायला कमी इन्सुलिन लागलं. म्हणजे क्रोमियम शरीराला ‘लागतं’ असं दिसलं नाही. ते मोठ्या मात्रेत औषधासारखं काहीतरी करतं, असं दिसलं.

गंमत अशी की, क्रोमियम इन्सुलिनला मदत कशी करत असेल याचा सगळ्यात प्रसिद्ध आराखडाही याच व्हिन्सेंट यांचा. तो समजायला पेशीच्या दारापर्यंत जावं लागतं.

स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींवर इन्सुलिनचा रिसेप्टर असतो. त्याचा अर्धा भाग पेशीबाहेर, अर्धा आत. बाहेरच्या भागाला इन्सुलिन चिकटलं की आतला भाग जागा होतो आणि आधी स्वतःवरच फॉस्फेटचे कण जोडून घेतो. या आतल्या भागाला टायरोसिन कायनेज म्हणतात. जागा झालेला कायनेज पुढच्या प्रथिनांना फॉस्फेट लावतो, ती आणखी पुढच्यांना, आणि अखेर पेशीच्या पोटात थांबलेले ग्लुकोजचे वाहक पृष्ठभागावर येऊन साखर आत ओढतात. टाइप २ डायबेटिसमध्ये रक्तात इन्सुलिन असतं, पण निरोप पुढे नीट पोचत नाही. यालाच इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणायचं.

व्हिन्सेंट यांच्या मांडणीत क्रोमियमची फेरी अशी होते. रक्तात लोह वाहून नेणारं ट्रान्सफेरिन हे प्रथिन क्रोमियमही नेतं. जेवणानंतर इन्सुलिन वाढलं की ट्रान्सफेरिन उतरवून घेणारे रिसेप्टर पेशीच्या पृष्ठभागावर जास्त संख्येने येतात आणि क्रोमियम आत शिरतं. आत एक छोटीशी अमिनो आम्लांची साखळी रिकामी वाट पाहत असते. तिच्यात क्रोमियमचे चार अणू बसले की तिला क्रोमोड्युलिन म्हणतात. हे भरलेलं क्रोमोड्युलिन इन्सुलिनने जाग्या झालेल्या रिसेप्टरला आतून चिकटतं आणि कायनेजला जागंच ठेवतं. इन्सुलिन उतरलं की क्रोमोड्युलिन पेशीबाहेर पडून लघवीवाटे निघून जातं. उंदराच्या चरबीपेशींच्या पटलांवर १९९७ मध्ये जे प्रयोग प्रसिद्ध झाले त्यांत इन्सुलिनच्या जोडीला क्रोमोड्युलिन दिल्यावर कायनेजचं काम आठ पटींपर्यंत वाढलेलं दिसलं. इन्सुलिन नसताना मात्र काहीच नाही, आणि क्रोमियम काढून घेतलेली साखळीही निकामी.

हा आराखडा लाउडस्पीकरसारखा आहे. क्रोमियम स्वतः गात नाही, इन्सुलिनचा आवाज मोठा करतं. दुसरी एक कल्पनाही याच्या जवळ जाते. रिसेप्टरवर लागलेले फॉस्फेट काढून टाकणारी विकरं पेशीत असतात. क्रोमियम त्यांना आवरतं आणि म्हणून निरोप जास्त वेळ टिकतो, असं काही प्रयोग सुचवतात. दोन्हींत मुद्दा एकच: रिसेप्टर लवकर झोपू नये.

कागदावर हे छान दिसतं. पण रसायनशास्त्राची पदवी घेतलेल्या माणसाच्या मनात इथे शंकेची पाल चुकचुकते. तीन-संयुजी क्रोमियम हे रसायनातलं सगळ्यात सुस्त गिऱ्हाईक. साध्या पाण्यात क्रोमियमच्या अणूभोवती पाण्याचे सहा रेणू बसलेले असतात. त्यांतला एखादा रेणू बदलायला त्याला तास नव्हे, दिवस लागतात. जेवणानंतरचं इन्सुलिनचं राज्य दोन-तीन तासांचं. एवढ्या वेळात या अणूने ट्रान्सफेरिन सोडायचं, साखळीत शिरायचं, काम करायचं आणि बाहेरही पडायचं, हे त्याच्या स्वभावाला धरून नाही. शरीरात काही परिस्थिती या अदलाबदलीला वेग देते, असा बचाव आहे आणि तो पूर्ण खोडलाही गेलेला नाही. आणखी अडचण म्हणजे क्रोमोड्युलिन कोणत्या जनुकातून किंवा कोणत्या मोठ्या प्रथिनातून येतं हे कोणी पक्कं दाखवलेलं नाही. जिवंत माणसाच्या पेशीत ते रिसेप्टरला चिकटलेलं पाहणं तर दूरच. प्रस्ताव म्हणून तो सुंदर आहे. सिद्ध झालेली यंत्रणा म्हणून जाहिरातीत तो वापरणं ही लबाडी आहे.

तरीही यंत्रणा चुकीची असून औषध लागू पडतं, असं वैद्यकात पुष्कळदा झालेलं आहे. म्हणून चाचण्यांकडे बघायचं.

क्रोमियमच्या बाजारपेठेचा पाया ज्या चाचणीवर उभा आहे ती चीनमध्ये झाली. अमेरिकेच्या कृषी खात्यातले रिचर्ड अँडरसन आणि त्यांच्या चिनी सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ती प्रसिद्ध केली. टाइप २ डायबेटिसचे १८० रुग्ण, तीन गट. एकाला कोरी गोळी, दुसऱ्याला रोज २०० मायक्रोग्रॅम, तिसऱ्याला १००० मायक्रोग्रॅम क्रोमियम पिकोलिनेट, दोन वेळांत विभागून. नेहमीची औषधं आणि खाणंपिणं बदलायचं नाही, असं सगळ्यांना सांगितलेलं. चार महिन्यांनी एचबीएवनसी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा ताळा, पाहिला. कोऱ्या गोळीच्या गटात तो ८.५, २०० वाल्यांत ७.५, १००० वाल्यांत ६.६.

हे आकडे थक्क करणारे आहेत. मेटफॉर्मिनने साधारण एक ते दीड टक्का उतार पडतो. इथे एका खनिजाच्या पूरक गोळीने जवळजवळ दोन टक्क्यांचा फरक पाडला होता. मात्रा वाढवली तसा परिणाम वाढला, हीही खऱ्या औषधाची खूण. खरं तर डायबेटिसवरचा वाद इथेच मिटायला हवा होता.

तो मिटला नाही, कारण इतरांना हे करून दाखवता आलं नाही. २००२ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी तोवरच्या यादृच्छिक चाचण्या एकत्र करून हिशेब मांडला. डायबेटिस नसलेल्यांत क्रोमियमचा साखरेवर काहीच परिणाम दिसला नाही. डायबेटिस असलेल्यांच्या आकडेमोडीत चीनच्या त्या चाचणीतले १५५ जण होते आणि बाकीच्या सगळ्या चाचण्यांतले मिळून फक्त ३८. चीनचे १५५ एका बाजूला झुकले, ३८ जणांत काही दिसलं नाही. अशा वेळी सरासरी काढणं म्हणजे त्या एकाच चाचणीला पुन्हा मत द्यायला लावणं. लेखकांनी ते ओळखलं आणि निष्कर्ष काढायचं टाळलं.

मग नेदरलँड्समधल्या गटाने २००६ मध्ये अशा रुग्णांवर प्रयोग केला ज्यांना फायदा व्हायला भरपूर वाव होता: वजन जास्त, एचबीएवनसी आठच्या वर, रोज पन्नासहून जास्त युनिट इन्सुलिन. सहा महिने ५०० किंवा १००० मायक्रोग्रॅम क्रोमियम पिकोलिनेट दिलं. कोऱ्या गोळीच्या तुलनेत फरक शून्य. रुग्ण पन्नासेकच होते, त्यामुळे लहानसा फायदा निसटला असेल. पण चीनइतका मोठा फायदा असता तर तो पन्नास जणांतही लपला नसता. त्याच गटाने पुढच्या वर्षी गोळ्यांवर असलेल्या रुग्णांना यीस्टमधलं क्रोमियम देऊन पाहिलं. तिथेही हाती काही लागलं नाही.

२००७ मध्ये आणखी मोठा ताळेबंद निघाला, ४१ चाचण्यांचा. त्यात डायबेटिसच्या रुग्णांमध्ये एचबीएवनसी सरासरी ०.६ ने आणि उपाशीपोटीची साखर सुमारे १८ मिलिग्रॅमने उतरलेली दिसली. आपण ज्याला ‘थोडाफार फायदा’ म्हणतो तो हा. पण याच लेखात पुढची ओळ आहे की जवळजवळ निम्म्या चाचण्या निकृष्ट दर्जाच्या होत्या आणि मोठे फायदे जास्त करून अशाच चाचण्यांत दिसत होते. गोळी कोणाला मिळाली हे लपवण्यात ढिलाई असेल, मधेच सोडून गेलेले रुग्ण हिशेबात धरले नसतील, तर परिणाम फुगतो. चाचणी जितकी कडक, तितका क्रोमियमचा फायदा आटत जातो, असा हा कल आहे. खऱ्या औषधाच्या बाबतीत सहसा असं होत नाही.

फायदा आटतो याची कारणं शोधताना मला तीन महत्त्वाची वाटतात.

पहिलं कारण पोटातच आहे. तोंडाने घेतलेल्या क्रोमियमपैकी एक टक्क्याच्या आसपासच रक्तात जातं, बाकीचं संडासवाटे बाहेर. २०० मायक्रोग्रॅमच्या गोळीतून आत पोचतात फार तर दोन-तीन मायक्रोग्रॅम आणि त्यातलंही बरंचसं लघवीतून निघून जातं. टोरांटोच्या बाईला रोज २५० मायक्रोग्रॅम सरळ शिरेतून मिळत होते. तेवढं तोंडाने रक्तात पोचवायचं म्हटलं तर या हिशेबाने रोज शंभरच्या वर गोळ्या लागतील. पिकोलिनेट हे रूप निवडलं ते शोषण सुधारावं म्हणून. सुधारणा आहे, पण टक्क्याच्या घरातलीच.

दुसरं कारण लाउडस्पीकरचं. आराखडा खरा धरला तरी क्रोमियम आवाज वाढवणार तो रिसेप्टरपाशी. टाइप २ डायबेटिसमध्ये बिघाड बहुतेक वेळा रिसेप्टरच्या पुढे असतो. स्नायू आणि यकृत यांच्या पेशींत नको तिथे साठलेल्या चरबीमुळे रिसेप्टरनंतरच्या प्रथिनांवर चुकीच्या जागी फॉस्फेट बसतात आणि निरोप तिथेच अडतो. तार पुढे तुटलेली असेल तर आवाज वाढवून फारसं साधत नाही. शिवाय डायबेटिस जुना झाला की स्वादुपिंडातल्या पेशी थकतात, इन्सुलिनच कमी पडतं; गाणाराच दमलेला असतो. जेवणानंतर यकृत साखर सोडायचं थांबत नाही, ही तर आणखी वेगळी भानगड.

तिसरं कारण सगळ्यात त्रासदायक. लोहाची कमतरता फेरिटिनवरून कळते, बी-१२ ची रक्तातून कळते. क्रोमियमची कमतरता ओळखायची भरवशाची तपासणीच नाही. रक्तातलं त्याचं प्रमाण इतकं सूक्ष्म की जुन्या काळी नोंदवलेले आकडे बहुतांशी स्टीलच्या सुईतून आणि प्रयोगशाळेतल्या धुळीतून आलेल्या क्रोमियमचे निघाले. अचूक यंत्रं आल्यावर ‘नॉर्मल’ शेकडो पटींनी खाली आणावं लागलं. आजही रक्तातला आकडा पेशीतल्या साठ्याबद्दल काही सांगत नाही. त्यामुळे चाचणीत ज्याला खरोखर उणीव आहे आणि ज्याला नाही असे दोघे एकाच गटात बसतात. चीनच्या त्या रुग्णांत उणीव जास्त असेल म्हणून फायदा दिसला, असं समर्थक म्हणतात. शक्य आहे. पण मोजमापच नसेल तर हा युक्तिवाद कोणत्याही निकालाला लावता येतो: फायदा झाला तर उणीव होती, नाही झाला तर नव्हती.

२०१० मध्ये अमेरिकेतल्या लुइझियानातल्या संशोधकांनी याला वेगळी वाट काढून पाहिली. रोज १००० मायक्रोग्रॅम, चोवीस आठवडे, आणि इन्सुलिनला शरीर किती दाद देतं हे नेमक्या पद्धतीने मोजलं. सगळ्या रुग्णांत मिळून ठोस परिणाम नाही. पण ज्यांना फायदा झाला त्यांचं इन्सुलिन रेझिस्टन्स सुरुवातीला जास्त होतं, साखरही जास्त होती. हे वाचून अनेकांना आशा वाटली. मला जरा सबुरी बरी वाटते, कारण सुरुवातीचा आकडा फार वर असेल तर पुढच्या मोजणीत तो काहीही न करता थोडा खाली येतोच. तो उतार आणि औषधाचा उतार वेगळा करायचा तर आधीच ‘जास्त रेझिस्टन्सवाले’ निवडून त्यांच्यावर नवी, मोठी, कडक चाचणी करावी लागेल.

सरकारी दफ्तरांतही हा गोंधळ उमटलेला आहे. अमेरिकेत २००१ मध्ये क्रोमियमचं ‘पुरेसं’ रोजचं प्रमाण तरुण पुरुषांना ३५ आणि स्त्रियांना २५ मायक्रोग्रॅम असं ठरवलं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१४ मध्ये सांगितलं की क्रोमियम आवश्यक असल्याचा पुरावाच नाही, तेव्हा प्रमाण ठरवण्यात अर्थ नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ मध्ये क्रोमियम पिकोलिनेटच्या डब्यांवर इन्सुलिन रेझिस्टन्सचा उल्लेख करायला परवानगी दिली खरी, पण अट अशी की आधार एका लहान अभ्यासाचा आहे आणि संबंध अतिशय अनिश्चित आहे, हेही तिथेच छापायचं.

घरात अशी गोळी चालू असेल तर घाबरायचं कारण नाही. दोनशे मायक्रोग्रॅमने सहसा अपाय होत नाही. रोज हजाराच्या वर, महिनोन् महिने घेणाऱ्यांत मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या तुरळक नोंदी आहेत, म्हणून किडनीचा त्रास असणाऱ्याने यापासून लांबच राहावं. थायरॉइडची गोळी क्रोमियमसोबत घेतली तर तिचं शोषण घटतं. दोन्हींत तीन-चार तासांचं अंतर हवं. मुंग्यांच्या गोळीत हे क्रोमियम दडलेलं असल्याने सकाळी उपाशीपोटी दोन्ही एकदम घेतल्या जातात आणि मग टीएसएच का वाढला याचा शोध भलतीकडेच सुरू होतो.